पुणे ते कोल्हापूर : किलोमीटरमागे पाच सेकंद

जानेवारी २०२३ मधल्या एका शनिवारी आम्हा दोन कुटुंबांना कोल्हापूरला एका साखरपुड्यासाठी जायचे होते. मुहूर्त अकराचा होता. आदल्या रात्री फोनवर माझे साडू म्हणाले, "तुम्ही ऐंशीने रेंगाळत येणार, मी नव्वदने जाणार. तासाला दहा किलोमीटर म्हणजे कोल्हापूरपर्यंत अर्धा तास सहज वाचतो. मी तिथे चहा घेऊन तुमची वाट बघत बसेन." वाद घालण्यापेक्षा मोजून पाहू, असे मी सुचवले आणि त्यांनीही ते हसत मान्य केले. वारज्यातल्या एकाच पेट्रोल पंपावरून साडेसहाला दोन्ही गाड्या सोडायच्या, मोकळ्या रस्त्यावर त्यांनी ९० आणि मी ८० चा वेग राखायचा आणि वाटेत प्रत्येकाने चहा-नाश्त्याला २५ मिनिटेच थांबायचे, असे ठरले. त्यांची नववीतली मुलगी, म्हणजे आमची भाची, मोबाइलवरचे स्टॉपवॉच आणि एक जुनी वही घेऊन आमच्या गाडीत बसली. हिशेब चोख राहावा म्हणून ती माझ्याकडे आली, की मावशीच्या डब्यातल्या चकल्यांसाठी, हे शेवटपर्यंत कळले नाही.

खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडून रस्ता मोकळा झाल्यावर तिला पहिले काम दिले ते गाडीच्या वेगमापकाची परीक्षा घेण्याचे. हा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाही अशाच बेताने बसवलेला असतो, त्यामुळे बहुतेक गाड्यांत तो थोडा जास्तच दाखवतो. खरा वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर ४५ सेकंद लागायला हवेत. काटा ८० वर असताना तिला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सेकंद मिळू लागले. मी काटा ८४ च्या आसपास नेला, तेव्हा दहा दगड साडेसात मिनिटांत मागे पडले आणि माझा वेग खरोखरच ८० झाला. एखादा दगड पाच-पंचवीस मीटर इकडेतिकडे रोवलेला असू शकतो, म्हणून एकाच दगडावर विसंबू नये. दहांची सरासरी काढावी. पुढच्या गाडीत साडूंच्या शेजारी बसलेल्या मेहुणीनेही अशीच मोजणी करून त्यांचा वेग ९० वर आणून ठेवला. त्यांना एका दगडामागे ४० सेकंद लागत होते.

आमच्या वादाचा सगळा निकाल खरे तर इथेच होता. ८० ऐवजी ९० ने गेल्यावर एका किलोमीटरमागे पाच सेकंद वाचतात, अधिक नाही. भाचीने वहीत आडवी रेघ मारून पुढचे आकडे मांडायला घेतले आणि तिला गंमत वाटू लागली, कारण वेग दर वेळी दहानेच वाढत असला, तरी वाचणारे सेकंद दर वेळी घटत होते. १०० ने किलोमीटर ३६ सेकंदांत होतो, म्हणजे ९० वरून १०० वर जाण्याचा फायदा चार सेकंदांचा. ११० ला जेमतेम पावणेतेहतीस सेकंद लागतात, म्हणजे फायदा सव्वातीन सेकंदांच्या आसपास आला. १२० ला तीस सेकंद. फायदा तीन सेकंदांच्याही आत. मग तिने उलट्या दिशेने मोजले. २० च्या वेगाने किलोमीटरला १८० सेकंद लागतात आणि ३० च्या वेगाने १२०, म्हणजे तिथे त्याच दहाच्या वाढीने एकेका किलोमीटरला पूर्ण एक मिनिट वाचते. "मग काका, हळू रस्त्यावर जोरात जायला हवं, जोरात रस्त्यावर नाही!" असा निष्कर्ष तिने काढला. तो वाहतूक पोलिसांना आवडणार नाही, पण गणिताच्या बाजूने त्यात खोट काढता येत नाही.

आपण किलोमीटर ठरलेले ठेवतो आणि वेग बदलतो, पण मनात मात्र तास ठरलेला धरतो, म्हणून हा घोटाळा होतो. साडूंचे "तासाला दहा किलोमीटर पुढे" हे खरेच होते. पण पुढे गेलेले ते दहा किलोमीटर नव्वदच्या वेगाने कापायला सहा मिनिटे चाळीस सेकंद लागतात, आणि एका तासाची खरी कमाई तेवढीच असते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी माणसांच्या या अंदाजांचा अभ्यास केला आहे. मुळातच जास्त असलेला वेग आणखी वाढवला की वाचणारा वेळ आपण फुगवून धरतो आणि कमी वेग वाढवल्यावर वाचणारा वेळ मात्र कमी लेखतो, असे त्यांना आढळले. साडूंचा अर्धा तास हा त्याचाच घरगुती नमुना होता, कारण वारज्यापासूनचे सगळे २३० किलोमीटर अखंड ९० ने कापता आले असते, तरीही ८० च्या तुलनेत १९ मिनिटेच वाचली असती.

प्रत्यक्षात २३० किलोमीटर अखंड कापायला कुठे मिळतात? आमच्या वहीत मोकळ्या रस्त्याचे, म्हणजे मनातला वेग धरून ठेवता आला असे, अंतर १५० किलोमीटर भरले. बाकीचे ८० किलोमीटर नवले पुलाच्या परिसरात, टोलनाक्यांच्या रांगांत, खंबाटकी घाटात, गावांजवळच्या सेवा रस्त्यांवर, कऱ्हाडच्या बाजूला चाललेल्या कामांत आणि शेवटी कोल्हापूर शहरात गेले. तिथे वेग माझ्या हातात नव्हता आणि साडूंच्याही नव्हता.

त्यातला घाट मला नीट आठवतो. खेड शिवापूर ते खंबाटकीचा पायथा या पट्ट्यात सुमारे ३० किलोमीटर रस्ता मोकळा मिळाला होता, म्हणजे पाच सेकंदांच्या हिशेबाने साडू अडीच मिनिटे पुढे असायला हवेत, आणि शिरवळच्या पुढे, पायथ्याजवळ मेहुणीशी फोनवर बोलल्यावर ते तेवढेच पुढे असल्याचे कळले. साताऱ्याकडे जाताना तेव्हा जुन्या घाटानेच चढावे लागे. जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता आणि नव्या बोगद्याचे काम तेव्हा चालू होते. चढाला एक मालट्रक दुसऱ्या मालट्रकला ओलांडण्याच्या खटपटीत होता, दोघांच्या वेगात माणसाच्या चालीइतकाही फरक नव्हता आणि मागे गाड्यांची माळ लागली होती. दुसऱ्या वळणावर भाची ओरडली, "ते बघा बाबा!" साडूंची पांढरी गाडी आमच्यापुढे पाच-सहा वाहने सोडून गुरगुरत होती. आम्ही त्यांना गाठले नव्हते. ते आमच्या आधी येऊन थांबले होते आणि आम्ही त्याच रांगेच्या शेपटाला येऊन लागलो होतो. घाटमाथ्यावर वहीतला फरक अर्ध्या मिनिटावर आला. अडथळ्यापाशी आधी पोहोचणारा बहुधा आधी थांबतो, एवढेच. त्याने वाचवलेले सेकंद रांगेत जमा होतात आणि मागच्याला फुकट मिळतात.

घाटानंतर साताऱ्याच्या पुढे रस्ता चांगला मिळाला आणि त्यांची आघाडी पुन्हा किलोमीटरला पाच सेकंदांनी वाढत गेली. कऱ्हाडच्या कामाजवळच्या कोंडीत त्यातली दीड मिनिटे गेली. शेवटी ते कार्यालयाच्या दारात १० वाजून ३२ मिनिटांनी पोहोचले आणि आम्ही १० वाजून ४१ मिनिटांनी. थांबण्याची २५ मिनिटे वजा केल्यावर त्यांना ३ तास ३७ मिनिटे आणि आम्हाला ३ तास ४६ मिनिटे लागली. फरक नऊ मिनिटांचा. सरासरी काढली, तेव्हा साडूही गप्प झाले. त्यांची ताशी ६३ किलोमीटरांच्या थोडी वर होती आणि आमची ६१. दिवसभर काट्यावर दिसलेल्या दहाच्या फरकातले जेमतेम अडीच शिल्लक उरले होते. चहाचा पेला त्यांच्या हाती नुकताच आला होता, तो त्यांनी मला दिला.

उलट बाजूही सांगायला हवी. जिथे अडथळेच नाहीत, अशा रस्त्यावर हिशेब वेगळा लागतो. पुढच्या वर्षी मी समृद्धी महामार्गाने शिर्डीहून नागपूरला गेलो. तो टप्पा ५२० किलोमीटरांचा आहे. तिथे १०० ऐवजी ११० ने जाणाऱ्याचे कागदावर २८ मिनिटे वाचतात आणि घाट किंवा मालट्रकांची रांग नसल्याने ती बरीचशी हातात राहतात. तरी ११० वरून १२० वर गेल्यास पुढची बचत २४ मिनिटांवर येते, हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढत राहतो, आणि एवढ्या पल्ल्यात पाठ आणि टायर दोघांनाही विसावा द्यावाच लागतो. मी दोनदा थांबलो, त्यात पाऊण तास गेला. एका थांब्यावर पोहे येईपर्यंतच वीस मिनिटे झाली होती.

कोल्हापूरहून आम्ही रविवारी दुपारी परत निघालो. या वेळी साडूंनी आपण होऊन माझ्यामागे ८० ने गाडी ठेवली. त्यांच्या मनात दुसरेच काही घोळत होते. तासभर लवकर निघू या, असे ते जेवताना दोनदा म्हणाले, पण पाहुण्यांचा निरोप घेता घेता तास गेलाच. परिणाम व्हायचा तो झाला. खेड शिवापूरपासून वारज्यापर्यंतचे वीसेक किलोमीटर, ज्यांना एरवी अर्धा तास पुरतो, त्यांना त्या संध्याकाळी एक तास दहा मिनिटे लागली. जास्तीची ही ४० मिनिटे ८० ऐवजी ९० ने जाऊन भरून काढायची, तर पाच-पाच सेकंद गोळा करत ४८० किलोमीटर मोकळा रस्ता लागला असता, म्हणजे कोल्हापूरला जाऊन येऊन वर आणखी थोडा.

नवले पुलाच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. भाचीने स्टॉपवॉच पुन्हा काढले होते आणि इथे दगड दिसेनात म्हणून गाडीच्या अंतरमापकावर डोळा ठेवला होता. आकडा बदलला तसे तिने वहीत लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले, "काका, हा किलोमीटर चारशे दहा सेकंदांचा."