बाह्य परीक्षकांसोबत मौखिकीची तारीख ठरवताना : माझा अनुभव

पीएच.डी.ची मौखिकी ठरवायची म्हणजे तिघांच्या डायऱ्या जुळवायच्या, असं मला आधी वाटायचं. प्रत्यक्षात डायऱ्या सर्वांत शेवटी येतात. आधी कागद हलावे लागतात, आणि तेही एका ठरावीक क्रमाने.

यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीनुसार प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात. दोघांनीही प्रबंध स्वीकारावा असं लिहिलं आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या झाल्या, तरच मौखिकी घेता येते. एकाने नकार दिला तर पर्यायी परीक्षकाकडे प्रबंध जातो आणि आणखी काही महिने जातात. मौखिकीच्या मंडळात मात्र मार्गदर्शक आणि दोघांपैकी किमान एक बाह्य परीक्षक असले की पुरतं. मौखिकी ऑनलाइनही चालते. प्रबंध सादर केल्यापासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, असंही त्यात आहे. म्हणजे मोजणी अहवाल आल्या दिवसापासून नव्हे, प्रबंध दिल्या दिवसापासून.

माझा प्रबंध जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला, म्हणजे मुदत डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दुसरा अहवाल आला सप्टेंबरच्या शेवटी. हातात दोन महिने होते, पण खरे किती? मौखिकी पुण्यात, परीक्षक हैदराबादचे. दसऱ्याची आपल्याकडे एक दिवस सुट्टी, तर तिकडे बतुकम्मा आणि दसरा मिळून सलग सुट्टी. मग दिवाळी. त्यानंतर दोन्हीकडे सत्रपरीक्षा. शिवाय आमच्याकडे नोटीस दहा दिवस आधी लावायची पद्धत आहे, कारण मौखिकी खुली असते आणि इतर संशोधक, प्राध्यापक हजर राहू शकतात. हे सगळं वजा केल्यावर नोव्हेंबरचे जेमतेम दोन आठवडे उरले.

परीक्षकांशी बोलणी विद्यार्थ्याने करायची नाहीत. अहवाल येईपर्यंत नावं गोपनीय असतात, आणि नंतरही पत्रव्यवहार मार्गदर्शकांमार्फत किंवा विभागामार्फतच बरा. विद्यार्थ्याच्या हातात एवढंच की मार्गदर्शकांना तारखा नीट मांडून द्यायच्या. ‘‘सर, आपल्याला कधी सोयीचं आहे?’’ असं विचारलं की ‘‘बघून कळवतो’’ असं उत्तर येतं आणि आठवडा जातो. आम्ही तीन तारखा, वार आणि वेळेसह पाठवल्या. त्याआधी त्या तिन्ही दिवशी सभागृह आणि मौखिकीचे अध्यक्ष मोकळे आहेत का, हे पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधली तारीख निवडली.

मग माझी एक चूक होता होता राहिली. तारखेला होकार आल्यावर मी लगेच विमानाचे दर बघायला लागले. ऑफिसातल्या बाईंनी थांबवलं : ‘‘मॅडम, पत्र निघाल्याशिवाय तिकीट काढायला सांगू नका.’’ विद्यापीठाच्या मौखिकीच्या पत्रावर परीक्षकांचं नाव, तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘प्रत्यक्ष’ की ‘ऑनलाइन’ हे लिहिलेलं असतं. प्रवासबिल त्या पत्राच्या आधारे मंजूर होतं. पत्राआधीच्या तारखेचं तिकीट असेल तर लेखा विभाग हरकत काढू शकतो. स्वरूपाचंही तसंच. पत्रात ‘प्रत्यक्ष’ असेल आणि ऐनवेळी परीक्षक येऊ शकले नाहीत, तर परस्पर लिंक पाठवून भागत नाही, ऑनलाइनची परवानगी नव्याने घ्यावी लागते. म्हणून पत्र मागतानाच ‘अपरिहार्य कारणास्तव ऑनलाइन’ असा पर्याय त्यात घालता येतो का, ते विचारा.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मौखिकीचं पत्र दोन-तीन आठवडे आधी मिळतं, तोवर सोयीच्या गाड्यांना बहुधा वेटिंग लागलेलं असतं. विमानाला परवानगी असेल तर कोणत्या वर्गाचं आणि कुठून काढलेलं तिकीट चालेल, हे आधी लेखी विचारून घ्या. काही संस्था ठरावीक एजंटकडचंच तिकीट मान्य करतात. परीक्षकांना आदल्या संध्याकाळी बोलवावं आणि विद्यापीठाच्या विश्रामगृहात खोली ठेवावी. सकाळच्या विमानाने लोहगावला उतरून अकराला हजर, हे कागदावर जमतं, पण विमान तासभर लांबलं की सगळं सभागृह ताटकळतं. परतीचं तिकीटही संध्याकाळी उशिराचं असावं. मौखिकी दोन तासांत आटोपली तरी पुढे अहवाल लिहिणं, सह्या, जेवण आणि बिलाचे कागद असतात. पॅन, रद्द केलेला चेक, तिकिटं, बोर्डिंग पास यांची यादी परीक्षकांना आठवडाभर आधी पाठवली, म्हणून आमचं बिल त्याच दिवशी भरून झालं. तिकिटाचा किंवा हॉटेलचा खर्च विद्यार्थ्याने करायचा नसतो. ‘‘पद्धतच आहे’’ असं कोणी सांगितलं तरी नाही.

आता प्रती, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

माझा प्रबंध 280 पानांचा, एका बाजूला छापलेला. 80 जीएसएमचा एफोर कागद साधारण पाच ग्रॅमचा, म्हणजे नुसता कागदच 1.4 किलो. हे बाड घेऊन परीक्षकांनी प्रवास करावा, ही अपेक्षा चुकीची. त्यांनी तपासलेली प्रत त्यांच्या घरीच राहते आणि मौखिकीला ते पीडीएफ उघडून बसतात. छापील प्रतीत सुरुवातीची प्रमाणपत्रं, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना रोमन आकडे होते, अशी चौदा पानं. त्यामुळे छापील पान 112 पीडीएफमध्ये 126 वर येत होतं. परीक्षक म्हणतात 126, आपण छापील 126 उघडतो आणि दोघं वेगळ्याच परिच्छेदावर बोलत राहतो. प्रश्नाला उत्तर देण्याआधी पानावरची पहिली ओळ वाचून खात्री करून घ्यावी, हा साधा उपाय.

मराठी प्रबंधाला आणखी एक दुखणं आहे. प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेला असेल आणि पीडीएफमध्ये तो फॉन्ट अंतर्भूत नसेल, तर परीक्षकांच्या संगणकावर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसते. आपल्या संगणकावर फॉन्ट असतोच, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. अॅक्रोबॅट रीडरमध्ये `File > Properties > Fonts` इथे प्रत्येक फॉन्टपुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` दिसलं पाहिजे. लिनक्सवर :

```
pdffonts prabandh.pdf
```

यात `emb` च्या रकान्यात सगळीकडे `yes` हवं. फॉन्ट अंतर्भूत असला तरी युनिकोड नसेल तर पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही. तेव्हा परीक्षकांना अनुक्रमणिका वेगळी छापून द्यावी.

अहवालातल्या दुरुस्त्या करताना जुनी प्रत पुसून टाकू नका. परीक्षकांच्या खुणा जुन्या प्रतीवर असतात. मी दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या आणि सोबत एक तक्ता दिला : अहवालातला मुद्दा, जुनं पान, नवं पान, काय बदललं. माझ्या बाबतीत तिसऱ्या प्रकरणातल्या एका सारणीत बेरीज चुकली होती. परीक्षकांनी जुनं पान 97 काढलं, तक्त्यातून नव्या 99 वर आले, आकडा पाहिला आणि पुढे गेले.

पक्क्या बांधणीच्या प्रती मात्र मौखिकी होईपर्यंत बांधून घेऊ नका. तिथे आणखी एखादी दुरुस्ती निघाली तर बांधणी उसवावी लागते, आणि शोधगंगेसाठी द्यायची पीडीएफ तर अंतिम प्रतीशी पानोपान जुळायलाच हवी.