रविवारचा क्रम
गेल्या रविवारी दुपारी कूलरसमोर बसून मोबाइलवर पुतणीच्या साक्षगंधाची छायाचित्रे पाहत असताना एका छायाचित्रात मला माझीच मान मागून दिसली. सदऱ्याला कडक इस्त्री होती, पण कॉलरच्या वर केसांची एक विस्कळीत झालर लोंबत होती. आरशाने ती मला कधी दाखवली नव्हती, आणि मागे बसलेल्या शंभर पाहुण्यांनी मात्र ती तासभर पाहिली असणार.

तशी माझी आठवड्याची स्वच्छता मी रविवारी सकाळी पंचवीस मिनिटांत उरकतो. तीत कष्ट काहीच नाहीत. महत्त्व आहे ते क्रमाला. हा क्रम मला एका फजितीने शिकवला. एका लग्नाच्या सकाळी मी आधी आंघोळ केली आणि ओल्या दाढीवरच ट्रिमर फिरवला. ओले केस एकमेकांना चिकटून झुपके करतात आणि असतात त्याहून लांब दिसतात, त्यामुळे उजव्या गालावर मी तीनदा हात चालवला. दाढी वाळली तेव्हा तिथे रुपयाएवढा फिकट डाग उमटला होता, आणि संपूर्ण लग्नात मी पाहुण्यांना डावा गाल दाखवत फिरलो.

तेव्हापासून पहिले काम कोरड्या दाढीचे. वर्तमानपत्र पसरायचे, ट्रिमरला ३ मिलिमीटरचा कंगवा लावायचा आणि केसांच्या वाढीच्या उलट दिशेने तो सावकाश फिरवायचा. दाढीची खालची सीमा मात्र जबड्याच्या हाडावर आखू नये, कारण मग मान हलली की हनुवटीखालची त्वचा दुसऱ्या हनुवटीसारखी दिसते. कंठमण्याच्या वर दोन बोटे, आणि तिथून कानांच्या मागच्या टोकांपर्यंत हलकी वळणदार रेघ, एवढे पुरते. नाकातले केस उपटण्याचा मोह मी सोडला आहे. मुळाशी जखम होऊन पिकते, म्हणून बोथट टोकांच्या छोट्या कात्रीने बाहेर डोकावणारे तेवढेच कापतो. मानेवरची झालर दोन आरशांच्या मध्ये उभे राहून साफ करता येते, असे मला त्या छायाचित्रानंतर कळले. त्यात डावा हात उजवीकडे जातो, हा भाग वेगळा.

मग आंघोळ. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीने पाणी आयतेच तापवलेले असते. या पाण्याने दाढीचा केस फुगतो आणि मऊ होतो, म्हणून सीमेखालच्या गळ्यावर वस्तरा आंघोळीनंतरच चालवावा. साबणाचा फेस दोन मिनिटे राहू द्यायचा, आधी बोटांनी केसांची दिशा चाचपायची (माझ्या गळ्यावर उजवीकडे ते आडवे वाढतात) आणि त्याच दिशेने पाते न्यायचे. उलट दिशेने अधिक गुळगुळीत होते खरे, पण टोकदार कापलेला केस त्वचेच्या आतच वळतो आणि दोन दिवसांत लाल पुरळ उठते, ज्यावर घामट कॉलर घासली की सोमवारची बैठक नीट ऐकू येत नाही.

गळ्यावर ओली तुरटी फिरवताना मला नेहमी महाल भागातले आमचे जुने घर आठवते. बाबा अंगणातल्या खांबाला आरसा टांगून दाढी करायचे आणि शेवटी तुरटीचा खडा चोळायचे. जिथे ती झोंबली, तिथे कापले आहे असे समजायचे. आम्ही मुले त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत त्या झोंबण्याची वाट पाहायचो. त्यांच्याकडे ट्रिमर नव्हता आणि घाईही नव्हती.

नखे सर्वांत शेवटी, कारण आंघोळीनंतर ती मऊ असतात आणि तुटून उडत नाहीत. पायाच्या अंगठ्याचे नख सरळ कापावे. कोपरे खोल गोलावले की ते मांसात घुसते. आई दिवेलागणीनंतर आणि शनिवारी नखे काढू देत नसे, आणि त्या नियमाविरुद्ध मी कधी वाद घातला नाही, कारण त्यामुळे रविवार आपोआप ठरून गेला.

शेवटच्या दोन वर्षांत बाबांना वाकता येत नव्हते. त्यांच्या अंगठ्याचे नख शिंपल्यासारखे जाड झाले होते आणि त्यावर नेलकटर चालेना, म्हणून मी घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय पंधरा मिनिटे बुडवून ठेवत असे आणि मग एका कडेकडून थोडे थोडे कापत असे. ते डोळे मिटून बसत. दर वेळी, पाय पाण्यात घालण्याआधी, ते एकच विचारत, "आज शनिवार तर नाही ना?"