तालीम-नोंद ४ : ते १६० सेकंद गेले कुठे?

शुक्रवारी आम्हा चौघांचं सादरीकरण आहे. सोमवारच्या तालमीत त्याची पूर्ण फेरी १४ मिनिटं १० सेकंदांवर संपली. आपल्याला मिळालेत १२. आणि गंमत म्हणजे चौघांनीही आदल्या रात्री आपापला भाग घरी म्हणून बघितला होता, वेळा ग्रुपवर टाकल्या होत्या : २:५०, २:५५, ३:००, २:४५. बेरीज ११:३०. म्हणजे अर्धं मिनिट हाताशी ठेवून आम्ही निवांत होतो. मग एकत्र उभं राहिल्यावर १६० सेकंद आले कुठून? दोन दिवस डोक्यात हेच होतं. आज, बुधवारी रात्री, उत्तर सापडलंय म्हणून लिहायला बसले.

आधी तालमी ठरवण्यासाठी ग्रुपवर टाकलेल्या निरोपाबद्दल, कारण मागच्या नोंदीत मी त्याचं फारच कौतुक केलं होतं. त्याच्या आधीचा माझा पहिला निरोप लांबलचक होता : त्यात सराव का हवा, कोणी काय सुधारायला हवं, सगळं होतं, आणि शेवटी ‘कुणाला कधी जमेल ते सांगा’. तीन अंगठे आले, वेळ एकानेही सांगितली नाही. मग मी सहा पर्यायांचा पोल टाकला. त्यात चौघांनी मिळून पाच वेळा निवडल्या. पोल या प्रकाराबद्दल माझं मत आता कायमचं झालंय : लोकांना वेळ निवडायला सांगितली की त्यांना सोयीची वेळ आठवते, आणि वेळ ठरवून सांगितली की त्यांची खरी अडचण तेवढी कळते. आपल्याला अडचणच कळायला हवी असते.

म्हणून शनिवारी हा टाकला :

> मंडळी, शुक्रवारी सादरीकरण. तीन तालमी धरते : सोम ५:३०, बुध ५:३०, गुरु ५:००. प्रत्येकी ४५ मिनिटं, नेहमीच्याच खोलीत.
> क्रम : न थांबता एक पूर्ण फेरी, ३ मिनिटं गप्प बसून लिहायचं, मग प्रत्येकावर ३ मिनिटं बोलायचं, मग दुसरी फेरी.
> प्रत्येकाला फक्त दोन गोष्टी सांगायच्या : एक ठेव, एक बदल. स्लाइडचा नंबर घालून. ज्याच्याबद्दल चाललंय त्याने खुलासा द्यायचा नाही, न कळलं तर विचारायचं.
> सोम : कागद हातात चालेल. बुध : कागद नाही. गुरु : कागद नाही, शिवाय प्रश्नोत्तरं. बुधवारनंतर स्लाइडमधले बदल बंद.
> ज्यांना यातली एखादी वेळ अजिबात जमत नाही त्यांनीच आज रात्रीपर्यंत कळवा.

एकाचंच उत्तर आलं : गुरुवारी पाचच्या ऐवजी सव्वापाच. बस्स. तीन दिवसांचा गोंधळ वीस मिनिटांत मिटला. हा विजय मी दोन दिवस चघळला, लपवत नाही.

४५ मिनिटांचा हिशेब असा होता : १२ ची फेरी, ३ लिहायला, चौघांवर १२, परत १२ ची फेरी. झाली ३९. उरलेली ६ उशिरा येणाऱ्यांसाठी आणि केबल शोधण्यासाठी. फेरी १४ मिनिटांची झाली तेव्हा ती सहाही खाल्ली गेली आणि दुसरी फेरी अर्ध्यात सोडून खोली रिकामी करावी लागली.

आता त्या १६० सेकंदांकडे. पहिला संशय सगळ्यांचा एकच : तिसऱ्यावर. आकडेवारीचा भाग त्याचा, आणि आकडे दिसले की तो रमतो. तोही बिचारा मान खाली घालून ‘मी कमी करतो’ म्हणाला. मला ते पटलं नाही, पण सांगायला काही नव्हतं, कारण माझ्याकडे एकच आकडा होता, एकूण वेळ. एकूण वेळेवरून दोष कोणाचा हे कधीच कळत नाही.

सुदैवाने आवाज रेकॉर्ड केला होता. (व्हिडिओ मुद्दाम नाही. व्हिडिओ लावला की प्रत्येकजण स्वतःचे केस बघतो, दुसऱ्याचं बोलणं कोणी ऐकत नाही.) मंगळवारी कानाला हेडफोन लावून, फोनच्या स्टॉपवॉचवर लॅपचं बटण दाबत बसले. नियम एकच : ज्याचं शेवटचं वाक्य संपलं तिथे एक लॅप, पुढच्याचं पहिलं खरं वाक्य सुरू झालं तिथे दुसरा. ‘नमस्कार, तर मी आता’ हे पहिलं खरं वाक्य नाही.

निघालं ते असं. बोलणं : ३:०५, ३:२०, ३:५०, २:५५. मिळून १३:१०. उरलेलं एक मिनिट बोलण्यात नव्हतंच. ते तीन सांध्यांत होतं, प्रत्येकी वीस सेकंदांच्या आसपास. पहिली बाजूला होते, दुसरा पुढे येतो, रिमोट कोणाच्या हातात ते बघतो, ‘धन्यवाद, आता मी तुम्हाला सांगणार आहे’, मग स्लाइड एक पुढे गेलेली असते ती मागे आणायची. घरी एकट्याने म्हणताना हा भाग कोणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून तो कोणाच्याच हिशेबात नव्हता.

राहिले १०० सेकंद. त्यातले निम्मे तिसऱ्याचेच होते, तेवढं खरं. पण ऐकल्यावर कारण वेगळं निघालं : दुसऱ्याने पद्धत समजावली, आणि तिसऱ्याने आकडे सांगण्याआधी तीच पद्धत पुन्हा समजावली. शब्द वेगळे, मजकूर तोच. कारण त्याच्या घरच्या सरावात त्याच्या आधी कोणीच बोललेलं नसतं. तिथे तो ती दोन वाक्यांत उरकत होता. समोर माणसं दिसली तशी त्याची सहा वाक्यं झाली.

मग प्रश्न असा, की सोमवारी आम्ही तीन मिनिटं गप्प बसून लिहिलं, त्यात हे कोणालाच कसं सुचलं नाही? चिठ्ठ्या परत काढून बघितल्या. तिसऱ्यावर दोनच चिठ्ठ्या होत्या, चौथीची कोरी. दुसऱ्यावर तिसऱ्याची कोरी. पहिलीवर दुसऱ्याची कोरी. म्हणजे ज्याचा नंबर पुढचा, तो ऐकतच नव्हता. मनात स्वतःचं पहिलं वाक्य घोळवत उभा. मी स्वतः पहिली, माझं झालं की मोकळी, म्हणून मला वाटत होतं सगळेच ऐकतायत. पद्धत दोनदा आली हे ओळखायला दुसऱ्याचं सगळ्यात लक्षपूर्वक ऐकायला हवं होतं तिसऱ्याने, आणि नेमका तोच त्या वेळी बहिरा होता. निरोपातली खरी चूक ही. मी सगळ्यांना सगळं ऐकायला सांगितलं होतं.

म्हणून मंगळवारी रात्री पुरवणी निरोप, चार ओळींचा :

> उद्यासाठी बदल. ज्याचा नंबर पुढचा त्याच्या हातात कागद नाही, त्याचं काम एकच : आधीच्याचं शेवटचं वाक्य पकडणं.
> बाकीच्यांपैकी एकाने स्लाइड आणि बोलणं जुळतंय का ते बघायचं, दुसऱ्याने पुनरुक्ती. चौथीच्या वेळी उरलेल्या तिघांनी लिहायचं.
> प्रत्येकाने आपलं शेवटचं वाक्य आज रात्री ग्रुपवर टाका, शब्दशः.
> उद्या पहिली १० मिनिटं फक्त सांधे, म्हणून ५:२० ला या.

‘फक्त सांधे’ ही कल्पना टाइप करता करताच सुचली. बोलायचं काहीच नाही : पहिलीचं शेवटचं वाक्य, रिमोट हातात, दुसऱ्याचं पहिलं वाक्य, थांब. पुन्हा. एक सांधा दहा वेळा केला तरी तीन मिनिटं लागत नाहीत. नाटकवाल्यांना यात नवं काही वाटणार नाही. आपण मात्र प्रत्येक वेळी पहिल्या स्लाइडपासून सुरू करतो, त्यामुळे सुरुवात पाठ होते आणि सांधे कायम कच्चे राहतात.

आजचा निकाल. पहिली फेरी, कागदाशिवाय : बोलणं २:५५, ३:०५, ३:१०, २:५०, म्हणजे बरोबर १२:००, आणि तिन्ही सांधे मिळून १२ सेकंद. साठवरून बारा! पुढे येणारा आता आधीच्याच्या शेवटच्या परिच्छेदाला जागेवरून निघतो आणि ‘आता मी सांगणार आहे’ पूर्ण हद्दपार आहे. त्याऐवजी दुसऱ्याचं शेवटचं वाक्य प्रश्नावर संपतं आणि तिसरा थेट उत्तराने सुरू करतो. ऐकताना अंगावर काटा आला, खरंच.

तरी १२ सेकंद वरच होते. लिहिण्याच्या तीन मिनिटांनंतर पुनरुक्तीवाल्या चिठ्ठीवर नेमकं आलं : ‘बदल, स्लाइड ७, पद्धत पुन्हा’. सोमवारी आम्ही ‘जरा फास्ट घे’ असलं काहीतरी म्हणालो होतो. त्यावर माणूस नुसता भरभर बोलतो आणि आकडे कोणालाच कळत नाहीत. आता स्लाइड ७ काढूनच टाकली. दुसरी फेरी : २:५५, ३:००, २:४५, २:५०, सांधे १०. एकूण ११:४०.

सोमवारच्या चिठ्ठ्यांतून ९ बदल निघाले होते, त्यातले आज दिसले चार. कोणी आळशी नाही. दोन दिवसांत एवढे बदल कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत. आज शेवटी मी चिठ्ठ्यांतून प्रत्येकी एकच बदल निवडून मोठ्याने वाचला, बाकीच्या चिठ्ठ्या माझ्या दप्तरात ठेवल्या. एकजण नाराज झाली, तिची सूचना चांगली होती. पण तिने सांगितलेला तक्ता नव्याने रंगवावा लागला असता, आणि स्लाइडमधले बदल आजच बंद करायचे होते.

साधनांबद्दल एक तक्रार. सादरकर्त्याच्या पडद्यावरचं घड्याळ लॅपटॉपजवळ उभा असतो त्यालाच दिसतं, बाकी तिघं अंधारात. त्यापेक्षा समोरच्या बाकावर ठेवलेला फोन, मोठे आकडे, उपयोगी. आणि दुसऱ्या मशीनवर उघडताना देवनागरी फॉन्ट बदलून ओळी खाली घसरल्या, म्हणून एक पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर.

उद्याचा बेत मात्र हे लिहिताना बदलला. प्रश्नोत्तरं घ्यायची होतीच, पण प्रश्न आला की कोण उत्तर देणार हे ठरलेलं नाही. म्हणजे तिथे पुन्हा सांधा आहे, चौघं एकमेकांकडे बघत उभे. म्हणून उद्या दोन पूर्ण फेऱ्यांऐवजी एकच, आणि उरलेल्या वेळात प्रश्न : पद्धतीचा आला तर दुसरा, आकड्यांचा तिसरा, बाकी सगळे माझ्याकडे, आणि मी नाव घेऊन पुढे देणार. तिसरा निरोप लिहून ठेवलाय, तीन ओळींचा. सव्वापाचची वेळ त्यात घातली का ते एकदा बघून पाठवते.