चार कॉट

"अहो, त्या कधीच गंजल्या, भंगारात गेल्या. तुम्ही सही करा की!"

वसतिगृहाचा चार्ज मला देताना जुने वॉर्डन सर घड्याळाकडे बघत होते, त्यांना खानापूरची बस गाठायची होती. त्यांच्या चार्ज यादीत लोखंडी कॉट ४८, डेडस्टॉक रजिस्टरला ५२. खोल्याखोल्यांतून मोजल्या तर ४५, आणि पाय मोडलेल्या तीन जिन्याखाली. म्हणजे यादी खरी, रजिस्टरशी मात्र चारचा फरक.

सरांवर माझा अविश्वास नाही. पण भंगारात घालण्याआधी वरिष्ठांची मंजुरी घेऊन रजिस्टरला निर्लेखनाची नोंद करायची असते. ती नाही तोवर कागदावर त्या कॉट जाग्यावरच आहेत. मी बिनशर्त सही केली की उद्या ऑडिटला त्या मलाच दाखवाव्या लागणार.

मग तिथंच बसून यादीपुढे रकाने पाडले: रजिस्टरप्रमाणे, प्रत्यक्ष, फरक. कॉटपुढं लिहिलं, ‘४ कमी, निर्लेखन नोंद नाही, मोडक्या ३ वेगळ्या’. खाली दोघांच्या सह्या, तारीख. एक प्रत त्यांना, एक मला, एक ऑफिसला. सर जरा फुगले, बसही चुकली. (चहा मीच पाजला.)

किल्ल्या मोजून नाही, कुलपात फिरवून घेतल्या. बऱ्याच लागल्या. एकीपुढं सरांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं, ‘कुलूप सापडत नाही’. धान्याच्या कोठीची मात्र एकच किल्ली मिळाली. दुसरी स्वयंपाकाच्या मावशींकडे, तोंडी, कुठं नोंदच नाही. ती आता यादीत त्यांच्या सहीनिशी चढवली.

तुमच्याकडे कोठीची दुसरी किल्ली कुणाकडे असते?