पगार पुण्यात, केळी रावेरला: पहिलं रिटर्न भरताना

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि रावेर तालुक्यात त्याच्या स्वतःच्या नावावर केळीचं शेत आहे. 2025-26 या आर्थिक वर्षाचं, म्हणजे कर निर्धारण वर्ष 2026-27 चं त्याचं पहिलं रिटर्न मी त्याच्यासोबत बसून भरलं. नुसत्या पगाराचं रिटर्न सोपं असतं. फॉर्म 16 समोर ठेवला की बहुतेक आकडे पोर्टलवर आधीच आलेले दिसतात. खानदेशात मात्र नोकरदाराच्या पाठीमागे बहुतेक वेळा सातबारा असतो, आणि पहिल्यांदा भरणारा तिथेच चुकतो. म्हणून इथे भर त्यावरच आहे. हिशेब समजावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

"शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, मग दाखवायचं कशाला?" हा त्याचा पहिला प्रश्न. करमुक्त आहे हे खरंच. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न वर्षाला 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-1, म्हणजे सहज हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-2 घ्यावा लागतो. आणि शेतीवर थेट कर नसला तरी पगारावरचा कर कोणत्या दराने लागेल हे ठरवताना ते उत्पन्न मोजलं जातं.

त्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते: उत्पन्न नक्की कोणाचं? सातबारा वडिलांच्या नावे, कसतात वडील, पट्टी त्यांच्याच खात्यात येते, तर ते उत्पन्न मुलाचं नाही. वडिलांनी त्यातून मुलाला पैसे दिले तरी ती नातेवाइकाने दिलेली भेट ठरते आणि तिच्यावर कर नाही. वडिलोपार्जित जमीन हिंदू अविभक्त कुटुंबाची असेल तर उत्पन्न त्या कुटुंबाचं धरलं जातं. भाच्याचा गट वाटणी होऊन त्याच्या एकट्याच्या नावावर आलेला, म्हणून प्रश्न मिटला. तुमच्याकडे वाटणीच झाली नसेल किंवा उताऱ्यावर पाच-सहा नावं असतील, तर हा लेख बाजूला ठेवून कागद सीएला दाखवा. इथली माहिती सर्वसाधारण आहे, ती तुमच्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे, आणि दर व मर्यादा दरवर्षी बदलू शकतात.

मग शेतीचा हिशेब. व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि बँकेचा उतारा जुळवून 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळात मिळालेली रक्कम 3,60,000 निघाली. रोपं, खत, मजुरी, ठिबकची दुरुस्ती असा त्याच काळातला खर्च 1,60,000. निव्वळ उत्पन्न 2,00,000. केळीत इथे घोळ होतो, कारण ऑक्टोबरात लावलेल्या कांदेबागेचा, म्हणजे त्या हंगामातल्या केळीच्या बागेचा खर्च या वर्षात पडतो आणि घड पुढच्या वर्षी कापले जातात. पैसे आले त्या वर्षी जमा आणि दिले त्या वर्षी खर्च, ही एकच पद्धत धरून दरवर्षी तीच चालवावी. घरच्या दुधाचे पैसे यात घालू नयेत, दुधाचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही. केळीचे वेफर्स करून विकत असाल तर त्याचा नफाही सगळाच्या सगळा शेतीचा होत नाही.

आता कर. नव्या करपद्धतीत त्याचा पगार 14,35,000, त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन राहिले 13,60,000. ठेवी आणि बचत खात्याचं व्याज 40,000. हे व्याज फॉर्म 16 मध्ये नसतं, पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये सापडतं. एकूण करपात्र उत्पन्न 14,00,000.

शेती नसती तर कर असा: पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000 आणि उरलेल्या 2 लाखांवर 15 टक्क्यांनी 30,000. एकूण 90,000.

शेती धरून हिशेब तीन टप्प्यांत होतो. आधी शेतीचे 2 लाख मिळवून 16 लाखांवर कर काढायचा, तो 1,20,000. मग शेतीचे 2 लाख आणि करमुक्त मर्यादेचे 4 लाख अशा 6 लाखांवर कर काढायचा, तो 10,000. दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला की 1,10,000. त्यावर 4 टक्के उपकर धरून 1,14,400. शेतीमुळे वाढ झाली उपकरासह 20,800 ची. शेतीच्या 2 लाखांनी पगाराचा वरचा भाग वरच्या दराकडे ढकलला, एवढाच याचा अर्थ.

कंपनीला शेतीही माहीत नव्हती आणि व्याजही. तिने फक्त पगारावरचा 87,360 कर कापला होता. 50,000 च्या आतल्या व्याजावर बँकही टीडीएस कापत नाही. म्हणजे भरायचे राहिले 27,040. ही रक्कम 10,000 च्या वर असल्याने ती खरं तर आगाऊ कर म्हणून वर्षातच भरायची होती. तसं न केल्याने कलम 234बी खाली एप्रिलपासून दरमहा 1 टक्का व्याज लागतं. जुलैत भरल्यास चार महिन्यांचं 1,080 होतं, शिवाय हप्ते चुकल्याबद्दल 234सी चं वेगळं. दोन्ही पोर्टल स्वतः काढतं. यंदा मार्चच्या आधी केळीच्या पट्ट्या एकदा जुळवून घे, एवढं मी त्याला बजावलं आहे.

पगार आणि व्याज मिळून 12 लाखांच्या आत असेल तर कलम 87ए च्या सवलतीमुळे बहुतेकांना कर भरावा लागत नाही. शेतीमुळे फॉर्म मात्र आयटीआर-2 च राहतो.

आयटीआर-2 मध्ये शेतीचा आकडा `Schedule EI` मध्ये जातो. एकूण जमा, खर्च आणि मागच्या वर्षांचा अजून वजा न झालेला शेतीचा तोटा असे वेगवेगळे रकाने असतात. थेट निव्वळ रक्कम जमेत टाकू नये. निव्वळ उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिन कोड, क्षेत्र एकरात, मालकीचं की कसायला घेतलेलं, बागायत की कोरडवाहू हेही भरावं लागतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तेव्हा 1 हेक्टर म्हणजे 2.47 एकर धरून आधी बदलून ठेवा.

उरलेला कर `e-Pay Tax` मधून भरताना प्रकार `Self Assessment Tax (300)` आणि वर्ष 2026-27 निवडायचं. इथे 100 निवडलं तर पैसे आगाऊ करात जमा होतात, आणि वर्ष चुकलं तर रिटर्नमध्ये चलन दिसतच नाही. चलनाचा तपशील आपोआप आला नाही तर बीएसआर कोड, तारीख आणि अनुक्रमांक हाताने भरावा.

रिटर्नची मुदत 31 जुलै. ती चुकली तर विलंब शुल्क 5,000, उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000. भरल्यापासून 30 दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी केली नाही, तर रिटर्न वेळेत भरल्याचं धरलं जात नाही. म्हणून पॅनला जोडलेल्या आधारचा मोबाइल नंबर चालू आहे ना, हे सगळ्यात आधी बघा.

पुढे कलम 143(1) ची सूचना ईमेलवर येते. तिच्यात आपण दिलेला आकडा आणि विभागाने काढलेला आकडा शेजारी-शेजारी असतात. शेती असलेल्याने दराच्या हिशेबासाठी धरलेल्या शेती उत्पन्नाची ओळ आवर्जून बघावी. तिथे फरक दिसला आणि चूक आपली निघाली, तर 31 डिसेंबर 2026 पर्यंत विनाशुल्क सुधारित रिटर्न भरता येतं.