दोन केस, चार गुण आणि एक ओळ

चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, तरी एक गणित डोक्यातून जात नाहीये. प्रश्न चार गुणांचा होता:

log_x(5x/2 − 1) ≥ 2

पायातच x असल्यामुळे केस पाडाव्या लागतात. पाया 1 पेक्षा मोठा असेल तर लॉग काढताना चिन्ह तेच राहतं, 0 आणि 1 च्या मध्ये असेल तर उलटतं. एवढं बहुतेक मुलांना पाठ असतं.

पहिल्या केसमध्ये 5x/2 − 1 ≥ x² येतं, म्हणजे (x − 1/2)(x − 2) ≤ 0, आणि x > 1 धरून 1 < x ≤ 2. इथे लॉगच्या आतली राशी धन आहे का, हे वेगळं बघावं लागत नाही. ती x² एवढी किंवा त्याहून मोठी आहे, मग धन असणारच. हे फुकट मिळालं म्हणून मुलं ती अट विसरतात, आणि दुसऱ्या केसमध्ये नेमकी तीच नडते. तिथे 5x/2 − 1 ≤ x² असतं. x² पेक्षा लहान राशी खुशाल ऋणही असू शकते. गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी 0 < x ≤ 1/2 लिहिलं होतं. x = 0.3 घालून बघा: आत −0.25 येतं, त्याचा लॉगच नाही. x > 2/5 ही अट लावली की उरतं 2/5 < x ≤ 1/2. शेवटी एक किंमत घालून बघायची सवय आपण मुलांना लावतच नाही.

एका मुलीने मात्र केस पाडल्याच नव्हत्या. आधी x > 2/5, x ≠ 1 लिहिलं आणि खाली एकच ओळ:

(x − 1)(5x/2 − 1 − x²) ≥ 0

तिथून चिन्हांची रेघ आणि अचूक उत्तर: 2/5 < x ≤ 1/2 किंवा 1 < x ≤ 2. आमच्या सरांनी लाल पेनाने ‘केस कुठे?’ असं लिहून एक गुण दिला होता. स्कीममध्ये प्रत्येक केसला दीड गुण आणि शेवटच्या उत्तराला एक. सर काटेकोर आहेत, पण स्कीमबाहेरचं काही दिसलं की त्यांना कॉपीच वाटते.

मी तिला बोलावून विचारलं. म्हणाली, “मॅडम, पाया एकाहून मोठा असला की x − 1 धन, लहान असला की ऋण. ऋणाने गुणलं की चिन्ह आपोआप उलटतं. मग वेगळ्या केस कशाला?”

दोन्ही केस त्या एका कंसात आहेत. हे तिने पेपरात लिहिलं असतं तर वादच नव्हता. मी गुण साडेतीन केले. कारण न दिल्याचा अर्धा कापला. सरांना ते अजून पटलेलं नाही. मला खटकतंय ते वेगळंच: 0.3 ला उत्तरात घेणाऱ्या मुलांना त्याच स्कीमने अडीच-अडीच गुण दिलेत, आणि त्यावर कुणीच बोलत नाहीये.