आभाराच्या पत्रातला कर्ता

मी मुद्रितशोधनाचे आणि संपादनाचे काम करते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पुस्तकांच्या बाइंडिंगचा लहानसा व्यवसाय चालवतात. ते स्वतः आणि एक मदतनीस, एवढीच माणसे तिथे काम करतात. गेल्या डिसेंबरमध्ये त्यांनी वर्षअखेरीस ग्राहकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “ताई, शुद्धलेखन तेवढे पाहून द्या.” शुद्धलेखनाच्या चुका दोनच निघाल्या. पत्र मात्र तसेच परत देणे मला जमले नाही, कारण ज्या माणसांचे आभार मानायचे होते ती त्या पत्रात कुठेच दिसत नव्हती.

मसुदा असा होता: “प्रिय ग्राहकहो, हे वर्ष आमच्यासाठी अभूतपूर्व यशाचे ठरले. अनेक अडचणींवर मात करून आम्ही ३००हून अधिक पुस्तकांना नवजीवन दिले. दर्जाशी कधीही तडजोड न करणे हीच आमची ओळख आहे. आपल्या अतूट विश्वासामुळे आणि प्रेमामुळेच हे शक्य झाले. अडचणीच्या काळात आपण सर्वांनी दाखवलेल्या संयमाबद्दल आम्ही सदैव ऋणी राहू. नव्या वर्षातही आपण सेवेची अशीच संधी द्यावी.”

या गृहस्थांना मी बरीच वर्षे ओळखते आणि ते बढाईखोर मुळीच नाहीत. तरीही पत्रातून बढाई ऐकू येत होती. ती नेमकी कुठून येते हे शोधण्यासाठी मी प्रत्येक वाक्याचे मुख्य क्रियापद आणि त्याचा कर्ता अधोरेखित केला. वर्ष ठरले, आम्ही नवजीवन दिले, आमची ओळख आहे, हे शक्य झाले, आम्ही ऋणी राहू. सहा वाक्यांपैकी पाच वाक्यांत ग्राहक कर्ता नव्हताच. त्याने जे केले ते ‘विश्वासामुळे’, ‘प्रेमामुळे’, ‘दाखवलेल्या संयमाबद्दल’ अशा शब्दांत मुडपून ठेवलेले होते. सहाव्या वाक्यात तो प्रथमच कर्ता झाला, आणि तिथे त्याच्याकडे काम मागितलेले होते. मराठीत ही गोष्ट सहज नजरेतून सुटते, कारण ‘शक्य झाले’, ‘मिळाले’, ‘लाभले’ अशी क्रियापदे कर्त्याचे नाव न घेताही वाक्य पूर्ण करतात आणि ती कानाला नम्र वाटतात.

मी त्यांना विचारले, “या वर्षी ग्राहकांनी असे काय केले, की ते त्यांनी केले नसते तर तुमचे काम वेगळे झाले असते?” ते म्हणाले, “विश्वास ठेवला.” तो विश्वास कशातून दिसला, असे विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटी आम्ही कामाची नोंदवही उघडली आणि जानेवारीपासून एकेक पान उलटत गेलो. या एका बैठकीतून पत्राला जेवढे मिळाले, तेवढे नंतरच्या सगळ्या दुरुस्त्यांतून मिळून मिळाले नसेल.

जूनच्या पानांपाशी पहिली गोष्ट सापडली. त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले होते आणि ७ आठवडे शिलाई पूर्ण बंद होती. मदतनीस पुठ्ठे कापणे, पाठीला कापड लावणे ही कामे करू शकत होता. जुजबंदीची शिलाई, म्हणजे जुज किंवा घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे एकत्र शिवणे, मात्र तो अजून शिकत होता. त्या वेळी ६४ ग्राहकांची पुस्तके हातात होती. मसुद्यातले ‘अडचणींवर मात’ आणि ‘संयम’ हे शब्द याच काळाबद्दल होते, पण वाचणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता. शिवाय नोंदवहीने आणखी एक गोष्ट दाखवली. ६४ पैकी ११ जणांनी पुस्तके तशीच परत नेली होती. म्हणजे ‘आपण सर्वांनी दाखवलेला संयम’ हे वाक्य खरे नव्हते, आणि ते पत्र त्या ११ जणांनाही जाणार होते. आपले पुस्तक सुट्या पानांसह परत न्यावे लागलेल्या माणसाला स्वतःच्या संयमाबद्दल आभार वाचायला मिळाले असते.

राहिलेल्या ५३ जणांबाबतही एक अडचण होती. उशीर झाल्याचे त्यांना वेळेवर कळवले गेले नव्हते. बहुतेकांना स्वतः चौकशी केल्यावर कळले. अशा ठिकाणी केवळ ‘वाट पाहिल्याबद्दल आभार’ म्हटले, तर चूक आपली असूनही ती ग्राहकाच्या चांगुलपणाखाली झाकली जाते. म्हणून आधी माफी आणि मग आभार, हा क्रम मी धरून ठेवला. या गृहस्थांना माफीचे वाक्य वर्षअखेरीच्या पत्रात जड वाटत होते. मी त्यांना ते काढून उरलेला परिच्छेद वाचायला सांगितला. वाचून झाल्यावर त्यांनी ते स्वतःच परत घातले.

दुसरी गोष्ट एका लिफाफ्यात होती. काही ग्राहकांनी पुस्तकासोबत लहान चिठ्ठ्या दिल्या होत्या: कोणती पाने सुटी आहेत, कोणती गहाळ आहेत, त्यांचे क्रमांक. कोणी मागितल्या नव्हत्या. एकाने दिली, ती पाहून दुसऱ्याने दिली असावी. शिलाईआधी प्रत्येक जुज क्रमाने लावून पाने तपासावी लागतात आणि जुन्या पुस्तकात क्रमांकाचा कोपराच फाटलेला असला की ते काम फार किचकट होते. या चिठ्ठ्यांमुळे दोन पुस्तकांत चुकीच्या जागी गेलेली पाने दोरा घालण्याआधी सापडली होती. चिठ्ठ्या मोजल्या, त्या ३८ भरल्या.

इथे आकड्यांबद्दल आमची चर्चा झाली. “३०० पुस्तके हा आकडा काढायला लावता आणि ३८ चिठ्ठ्यांचा घालता, असे का?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटले की ३०० हा आकडा तुमचे काम मोजतो, ३८ हा त्यांचे काम मोजतो, आणि ७ आठवडे हा त्यांनी काय सोसले ते मोजतो. आभाराच्या पत्रात पुढचे दोन आकडे शोभतात. ३००चा आकडा त्यांनी दुकानाच्या माहितीपत्रकात घालावा, तिथे त्याची गरज आहे.

तिसरी गोष्ट त्यांनी स्वतः आठवून सांगितली. एका बाईंनी जुना शब्दकोश दिला होता आणि बजावले होते की कडा कापू नका, समासात माझ्या वडिलांच्या हातच्या टिपा आहेत. नव्याने शिवलेल्या पुस्तकाच्या तिन्ही कडा सारख्या दिसाव्यात म्हणून त्या थोड्या कापण्याची पद्धत असते आणि त्यात समासाच्या अगदी टोकाला लिहिलेली अक्षरे जाऊ शकतात. तोवर ते कडा कापण्याबद्दल कोणालाच विचारत नव्हते. त्यानंतर प्रत्येकाला विचारू लागले. मला ही तिन्हींत सर्वांत मोलाची गोष्ट वाटली, कारण ती सांगताना आपले काय उणे होते हे आपोआप सांगावे लागते आणि मग बढाईला जागाच राहत नाही. नाव न घेताही त्या बाई ओळखू आल्या असत्या, म्हणून त्यांची परवानगी घ्यायला सांगितले. शब्दकोशाचा आणि वडिलांचा उल्लेख नको, बाकी लिहा, असे त्यांनी कळवले. तसेच केले.

मग शब्दांकडे वळलो. ‘आपण’ बदलून सगळीकडे ‘तुम्ही’ केले. ‘आपण’ अधिक आदराचे आहे हे खरे, परंतु मराठीत त्याचा अर्थ ‘तुम्ही’ असाही होतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असाही होतो. ‘आपण हे वर्ष निभावले’ अशा वाक्यात श्रेय कोणाला दिले ते कळत नाही, आणि या पत्रात तेच कळायला हवे होते. नंतरच्या खर्ड्यात आलेल्या ‘आभार मानू इच्छितो’चे ‘आभार मानतो’ केले. ‘सदैव ऋणी’ काढले. ते त्यांना सोडवत नव्हते, म्हणून मी त्या जागी ग्राहकांच्या कृतीने कामात काय फरक पडला ते लिहून दाखवले. ते त्यांना अधिक पटले. ‘भारावून गेलो’ असे एक वाक्य त्यांनी मधल्या खर्ड्यात घातले होते, तेही गेले, कारण त्यात वाचणाऱ्याची नजर पुन्हा लिहिणाऱ्याच्या भावनेकडे वळते. नव्या वर्षातल्या सवलतीची ओळ त्यांना शेवटी घालायची होती. ती जानेवारीत वेगळी कळवायचे ठरले. आभारांच्या खालीच सवलत आली की आधीचे सगळे तिची प्रस्तावना वाटू लागते.

सर्वांना एकच पत्र जाणार नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. ज्यांनी वाट पाहिली त्या ५३ जणांना दोन्ही परिच्छेद गेले आणि वर्षभरातल्या इतर ग्राहकांना फक्त दुसरा. ते पत्र असे:

“नमस्कार. जूनमध्ये माझ्या मनगटाचे हाड मोडल्यामुळे आमच्याकडची शिलाई ७ आठवडे बंद होती आणि तुमचे पुस्तक ठरलेल्या तारखेला देता आले नाही. उशीर होणार हे मी तुम्हाला वेळेवर कळवलेही नाही, याबद्दल माफी मागतो. तरीही तुम्ही पुस्तक आमच्याकडे राहू दिले, त्यामुळे हात बरा होण्याआधी घाईने शिलाई करावी लागली नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

“यंदा ३८ जणांनी पुस्तकासोबत सुट्या आणि गहाळ पानांचे क्रमांक लिहून दिले. त्या चिठ्ठ्यांमुळे दोन पुस्तकांतली चुकीच्या जागी गेलेली पाने शिलाईआधी सापडली. एका ग्राहकांनी समासातल्या टिपांसाठी कडा कापू नका असे सांगितले. तोवर आम्ही हे कोणालाच विचारत नव्हतो, आता प्रत्येकाला विचारतो. ज्यांनी हे केले, त्या सर्वांचे आभार मानतो.”

दुसऱ्या परिच्छेदात ‘तुमच्यापैकी’ हा शब्द आधी होता. ज्याने चिठ्ठी दिली नाही त्याला तो टोचेल असे मदतनिसाने सुचवले, आणि ते बरोबर होते.

पुस्तके परत नेलेल्या ११ जणांसाठी तीन वाक्ये लिहिली: शिलाई का बंद होती, ते वेळेवर न कळवल्याबद्दल माफी, आणि तुमच्या पुस्तकाची त्या वेळी काढलेली मापे आमच्याकडे आहेत, हवी असल्यास दुसरीकडे काम करून घेण्यासाठी देऊ. पुन्हा काम द्या, असे त्यात कुठेही लिहिले नाही. ही ११ पत्रे त्यांनी टाइप केली नाहीत. बऱ्या झालेल्या हाताने लिहिली आणि पाठवण्याआधी शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आणून दिली.